नागपूरचा दौरा, सहा दिवसांचा डीए आणि अडलेला क्लेम

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर डिसेंबरमध्ये नागपूरजवळच्या बुटीबोरीला मशीन चालू करून द्यायला गेला. त्याला इथे समीर म्हणू. सोमवारी दुपारी तो पुण्यातल्या घरातून निघाला आणि शनिवारी सकाळी परतला. जाताना त्याने १२,००० रुपये ॲडव्हान्स घेतला होता. परत आल्यावर त्याने १९,१३० रुपयांचा क्लेम भरला. अकाउंट्सने तो परत पाठवला, समीरने नव्याने भरला आणि मग १६,९३० रुपये मंजूर झाले. मधल्या २,२०० रुपयांत एक रुपयाही लबाडीचा नव्हता. प्रत्येक खर्च झालेला होता किंवा समीरला मनापासून तसा वाटत होता, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर बघण्यासारखं आहे. अकाउंट्सला बसून असे क्लेम तपासताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस प्रामाणिक असतो, बिलं नीट लावलेली असतात, आणि तरीही क्लेम अडतो.

अडण्याचं मूळ एकच. दौऱ्याच्या पैशात तीन वेगवेगळ्या जातींचा पैसा असतो आणि तो एका फॉर्मवर एकत्र येतो. पहिला डीए, म्हणजे दैनिक भत्ता. त्याला बिल लागत नाही, तो दिवसांवर आणि तासांवर मिळतो. दुसरा बिलावर मिळणारा खर्च, म्हणजे हॉटेल, तिकीट, टॅक्सी. त्यात जेवढं बिल तेवढेच पैसे मिळतात आणि वर मर्यादा असते. तिसरा मर्यादेबाहेरचा किंवा बिल नसलेला खर्च. तो फक्त कोणाच्या तरी मंजुरीवर मिळतो. एका जातीचा खर्च दुसऱ्या रकान्यात शिरला की गोंधळ सुरू होतो.

समीरच्या कंपनीचे नियम साधे आहेत. नागपूरसारख्या शहरात त्याच्या ग्रेडला डीए दिवसाला ५०० रुपये, त्यात जेवण, चहा-पाणी, कपडे धुणं असं सगळं आलं. हॉटेलच्या खोलीला रात्रीचे २,२०० रुपये, कर वेगळा. रेल्वेचा थर्ड एसी. कामासाठी केलेला स्थानिक प्रवास बिलाप्रमाणे, आणि रिक्षासारख्या बिल न मिळणाऱ्या प्रवासाला दिवसाला ३०० रुपयांपर्यंत स्वतःच्या सहीचं व्हाउचर चालतं. दुसऱ्या कंपनीत आकडे निराळे असतील, रचना साधारण हीच असते.

सगळ्यात मोठा फरक डीएत पडला, म्हणून आधी डीए बघू.

समीरने लिहिलं होतं: सोमवार ते शनिवार, सहा दिवस, गुणिले ५००, एकूण ३,०००. कंपनीचा नियम मात्र असा आहे की दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजायचा आणि त्या दिवसात माणूस किती तास बाहेर होता ते पाहायचं. सहा तासांहून कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बाराच्या पुढे पूर्ण भत्ता. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर हीच पद्धत लागू झाली, आणि पुष्कळ खाजगी कंपन्यांनी आपली नियमावली लिहिताना ती उचलली. ज्यांनी नाही उचलली, त्या बहुधा घरातून निघाल्यापासून सलग चोवीस तासांचा एक दिवस धरतात. दोन्ही पद्धतींत उत्तर वेगळं येतं, तेव्हा आपली कंपनी कुठली पद्धत वापरते हे दौऱ्याआधीच विचारून घ्यावं.

समीर सोमवारी दुपारी चार वाजता घरातून निघाला. मध्यरात्रीपर्यंत आठ तास, म्हणजे ७० टक्के, ३५० रुपये. मंगळवार ते शुक्रवार हे चार दिवस पूर्ण, २,००० रुपये. शनिवारी तो सकाळी अकराला घरी पोचला, म्हणजे अकरा तास, पुन्हा ३५०. बेरीज २,७००.

आता कोणी म्हणेल, चार वाजता निघाला याला पुरावा काय? पुरावा त्याच्याकडेच होता, फक्त तो दुसऱ्या कामासाठी जोडलेला होता. घर ते पुणे स्टेशन या कॅबच्या बिलावर बसण्याची वेळ चार वाजून पाच मिनिटं होती. शनिवारच्या कॅबच्या बिलावर उतरण्याची वेळ होती. क्लेम तपासणारा माणूस बिलांवरच्या वेळा अशाच एका ओळीत लावतो: कॅब, गाडी सुटणं, हॉटेलात चेक-इन, साइटवर पोचणं, चेक-आउट, परतीची गाडी. या वेळा एकमेकींना धरून असल्या की पुढचे प्रश्नच येत नाहीत. एखादी वेळ उलटी पडली, समजा चेक-इन गाडी पोचायच्या आधीचं निघालं, की मग तो अख्खा क्लेम बारकाईने बघतो. म्हणून फॉर्मवर निघण्याची आणि पोचण्याची वेळ स्वतःहून लिहावी आणि ती बिलांशी ताडून बघावी.

२,७०० मधूनही काही वजा व्हायचं होतं. हॉटेलच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला होता आणि बुधवारी-गुरुवारी दुपारचं जेवण ग्राहकाच्या कॅन्टीनमध्ये झालं. कंपनीच्या नियमात फुकट मिळालेल्या नाश्त्याला डीएच्या २० टक्के आणि जेवणाला ३० टक्के कपात आहे. तर्क सरळ आहे. भत्ता खाण्यासाठी दिलेला असतो, आणि ते खाणं आधीच कोणाच्या तरी पैशातून झालेलं असतं. नाश्ता तीन दिवसांचा झाला, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मंगळवारी तो हॉटेलात पोचला तेव्हा नाश्त्याची वेळ संपली होती. शंभराप्रमाणे ३०० रुपये. दोन जेवणं दीडशेप्रमाणे ३००. डीए उरला २,१००.

या कपातीवर लोक सर्वांत जास्त चिडतात. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, पण अर्धंच. भाड्यात नाश्ता असेल तर कपात योग्यच, कारण त्याचे पैसे कंपनीने हॉटेलच्या बिलात दिलेले असतात. ग्राहकाच्या कॅन्टीनमधली भाजी-पोळी मात्र कंपनीच्या खिशातून आलेली नसते, आणि कोणी आग्रहाने ताट वाढलं म्हणून भत्ता कापणं मला कोतेपणाचं वाटतं. तरी नियम आहे तोवर ते जेवण फॉर्मवर लिहावं लागतं. समीरने लिहिलं नव्हतं. ते कळलं त्याच्याच साइट रिपोर्टवरून, त्यात ‘जेवणानंतर ग्राहकाच्या टीमसोबत चाचणी’ अशी नोंद होती आणि मॅनेजरने सहज विचारलं. लपवल्यासारखं दिसू नये एवढ्यासाठी तरी आधी लिहिलेलं बरं.

आता हॉटेलचं बिल. तिन्ही जातींचा पैसा एकाच कागदावर येतो तो इथे.

समीर मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा तीन रात्री वर्धा रोडवरच्या हॉटेलात राहिला. बिलाची रक्कम ७,५३० रुपये, आणि त्याने ती तशीच क्लेममध्ये टाकली. बिल उघडून बघितलं तर आत असं होतं: खोलीभाडं पहिल्या दोन रात्री २,००० आणि तिसऱ्या रात्री २,६००, मिळून ६,६००. त्यावर पाच टक्के जीएसटी, ३३०. मंगळवारी रात्री खोलीवर मागवलेलं जेवण करासह ४२०. लाँड्री करासह १८०.

जेवण आणि लाँड्री हे ६०० रुपये डीएत येतात. डीए घेऊन वर हेही घेतलं, तर एकाच जेवणाचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं. समीरला हे पटायला वेळ लागला, कारण त्याच्या मते बिल पक्कं होतं, छापील होतं, कंपनीच्या नावाचं होतं. बिल पक्कं असलं तरी त्यातली प्रत्येक ओळ कंपनीने द्यायची असते असं नाही. यामागे कराचंही कारण आहे. दौऱ्यातल्या रोजच्या खर्चासाठी दिलेला भत्ता प्राप्तिकरातून सुटतो, पण तो प्रत्यक्ष खर्चापुरता. जेवणाचं बिल वेगळं भरून दिलं आणि भत्ताही पूर्ण दिला, तर तो भत्ता कशासाठी खर्च झाला याचं उत्तर कंपनीकडे राहत नाही.

सोपा उपाय असा की चेक-आउटच्या वेळी काउंटरवर दोन बिलं मागायची. एक खोलीचं, एक खाण्यापिण्याचं. बहुतेक हॉटेलं लगेच करून देतात. खोलीचं बिल क्लेमला जोडायचं आणि दुसऱ्याचे पैसे आपल्या खिशातून द्यायचे.

तिसऱ्या रात्रीचे २,६०० हा वेगळा प्रश्न. मूळ बेत गुरुवारी संध्याकाळी परतायचा होता. मशीनचा एक सुटा भाग पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येणार होता, तो शुक्रवारी सकाळी पोचणार असं गुरुवारी दुपारी कळलं. मुक्काम वाढला. डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, आणि त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी, मोर्चे घेऊन आलेली माणसं, सगळ्यांना खोल्या लागतात. आधी ठरवलेल्या दोन रात्री जुन्या भावाने मिळाल्या. तिसरी त्याच दिवसाच्या भावाने.

समीरचं म्हणणं होतं, “मॅडम, तिन्ही रात्री मिळून सरासरी बावीसशेच येते ना? मग मी मर्यादा कुठे ओलांडली?”

हिशोब बरोबर आहे, ६,६०० भागिले तीन म्हणजे २,२००. पण कंपनीची मर्यादा रात्रीची आहे, दौऱ्याची नाही. पहिल्या दोन रात्री दोन-दोनशे वाचले ते कंपनीचे वाचले. ते साठवून तिसऱ्या रात्री वापरता येत नाहीत. काही कंपन्या पूर्ण मुक्कामाची सरासरी धरतात, आणि मला ती पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, कारण स्वस्त खोली शोधणाऱ्याला त्याचा काही फायदा मिळतो. पण धोरणात ‘प्रति रात्र’ असा शब्द असेल तर तपासणाऱ्याच्या हातात काही नसतं. जादा ४०० आणि त्यावरचा कर २० असे ४२० रुपये मंजुरीवर गेले.

मंजुरीचा एक मेल समीरकडे होता. गुरुवारी दुपारी त्याने मॅनेजरना लिहिलं होतं की मुक्काम एक दिवस वाढवावा लागतोय, आणि त्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून उत्तर दिलं होतं. अडचण एवढीच की त्या मेलमध्ये भाड्याचा उल्लेख नव्हता. मुक्काम वाढवायला मिळालेली परवानगी म्हणजे मर्यादेबाहेर खर्चाची परवानगी नव्हे. त्याला वाचवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. गुरुवारी संध्याकाळी त्याने हॉटेल बुकिंगच्या ॲपवर बाकीची हॉटेलं बघितली होती आणि स्क्रीनशॉट मित्राला पाठवले होते. त्यांत मर्यादेत बसणाऱ्या दोनच खोल्या दिसत होत्या आणि दोन्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बुटीबोरीला जायचं तर कॅबचं भाडं चारशेहून जास्त वाढलं असतं. हे स्क्रीनशॉट आणि दोन ओळींचं कारण जोडल्यावर मॅनेजरनी ४२० रुपये मंजूर केले. त्या संध्याकाळी एवढंच लिहिलं असतं तरी पुढची फेरी वाचली असती: ‘मुक्काम एक रात्र वाढतोय, आजचं भाडं २,६००, मर्यादेपेक्षा ४०० जास्त, जवळ मर्यादेत खोली नाही, मंजुरी द्यावी.’

बिल कंपनीच्या नावाने आणि तिच्या जीएसटी क्रमांकासह घ्यावं असं अकाउंट्सवाले सांगत असतात, आणि ते अजूनही खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर पाच टक्के कर आहे आणि तो घेणाऱ्या हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. समीरच्या बिलावरचे ३३० रुपये मात्र कंपनीला आपल्या जीएसटीत वळते करून घेता येतात, कारण हॉटेल आणि कंपनी दोन्ही महाराष्ट्रात. त्याआधी कर १२ टक्के असतानाही तसंच होतं. हैदराबादच्या हॉटेलचा कर असा घेता येत नाही, कारण हॉटेल ज्या राज्यात तिथलाच कर लागतो आणि कंपनीची नोंदणी महाराष्ट्रातली.  शिवाय कंपनीचं नाव बिलावर असलं की हा खर्च कामाचा होता हे सांगायला दुसरा कागद लागत नाही.

रेल्वेच्या तिकिटात ७०० रुपयांचा फरक पडला तो सहज सुटून जाणारा आहे. जाताना १,४५० रुपये. परतीचं गुरुवारचं तिकीटही १,४५० चं होतं, ते रद्द करून शुक्रवारचं तत्काळ तिकीट १,९५० ला काढलं. समीरने तिन्ही रकमा लिहिल्या: ४,८५०. रद्द तिकिटाचे ७०० रुपये परतावा म्हणून त्याच्या खात्यात आले, पण ते चार दिवसांनी, तोवर क्लेम भरून झाला होता. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, आणि तिकीट स्वतःच्या खात्यातून काढलं असेल तर कंपनीला तो दिसत नाही. म्हणून रद्द तिकिटाची स्लिप जोडायची. तिच्यावर किती कापलं आणि किती परत मिळणार हे छापलेलं असतं, पैसे यायची वाट बघावी लागत नाही. कंपनीने द्यायचे ते १,४५०, कापलेले ७५० आणि १,९५०, एकूण ४,१५०.

स्थानिक प्रवासाच्या ३,७५० रुपयांत एकही रुपया कापला गेला नाही, तरी त्यातल्या दोन नोंदींवर विचारणा झाली.

शुक्रवारी बुटीबोरीहून स्टेशनला येताना ॲपच्या कॅबचे ६७० रुपये समीरने चालकाला थेट यूपीआयने दिले होते आणि क्लेमला त्याच व्यवहाराचा स्क्रीनशॉट लावला होता. त्यावर काय दिसतं? एका माणसाचं नाव, रक्कम, तारीख. ते पैसे कॅबचे की उसने घेतलेले परत केले, हे त्यावरून सांगता येत नाही. पैसे दिल्याचा पुरावा आणि कशाचे दिले याचा पुरावा वेगवेगळे. सुदैवाने प्रवास ॲपवरून ठरवलेला होता, तेव्हा ॲपच्या जुन्या प्रवासांच्या यादीत त्याची पावती होतीच, मार्ग आणि वेळेसकट. पैसे कसेही दिले तरी ती निघते. पाच मिनिटांत काम झालं.

दुसरी नोंद हमालीची. शुक्रवारी सकाळी पार्सल ऑफिसातून तो सुटा भाग उचलून कॅबमध्ये ठेवायला हमालाने २०० रुपये घेतले. हमाल पावती कुठून देणार? इथे समीरने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने तिथेच कोऱ्या कागदावर लिहिलं: तारीख, पार्सलचा नंबर, वजन, कुठून कुठे उचललं, रक्कम, हमालाचं नाव. खाली हमालाची सही घेतली. सोबत पार्सलच्या पावतीचा फोटो. ही पावती थर्मल कागदाची होती, आणि अशा कागदावरची अक्षरं पाकिटात राहिली की फिकी पडतात, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, दोनशेला लागत नाही. विचारणा झाली ती फक्त हा खर्च प्रवासात धरायचा की मालवाहतुकीत, एवढीच. मालवाहतुकीत गेला, समीरला मिळायची रक्कम तीच राहिली.

दोन्ही क्लेम शेजारी ठेवले तर असे दिसतात:

| | आधी भरलेला | मंजूर |
|---|---|---|
| रेल्वे | ४,८५० | ४,१५० |
| हॉटेल | ७,५३० | ६,९३० |
| डीए | ३,००० | २,१०० |
| स्थानिक प्रवास व हमाली | ३,७५० | ३,७५० |
| एकूण | १९,१३० | १६,९३० |

ॲडव्हान्स १२,००० वजा जाता समीरला ४,९३० रुपये मिळाले. पहिला क्लेम त्याने सात दिवसांच्या मुदतीत भरला होता म्हणून दुरुस्तीला वेळ मिळाला. मुदतीनंतर भरला असता तर त्याच्या कंपनीत ॲडव्हान्सची रक्कम पुढच्या पगारातून कापायला घेतात, आणि ती परत मिळवायला आणखी एक फॉर्म.

दुसऱ्यांदा भरताना त्याने एक बदल केला तो उचलण्यासारखा आहे. खर्चाच्या प्रकाराप्रमाणे यादी करण्याऐवजी त्याने दिवसाप्रमाणे केली. प्रत्येक दिवसाखाली वेळा, कुठे होतो, काय फुकट मिळालं, कोणतं बिल, बिलाचा क्रमांक, आणि तोच क्रमांक बिलाच्या कोपऱ्यात पेनाने. बुधवारच्या रकान्यात ‘नाश्ता हॉटेलात, जेवण ग्राहकाकडे, गाडी ग्राहकाची’ एवढंच होतं आणि रक्कम फक्त डीएची, २५० रुपये. तो रकाना तपासायला मला अर्धा मिनिट लागला.

क्लेम मिटल्यावर मॅनेजरनी अकाउंट्सकडे एक टिपण पाठवलं: हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरची खोलीची मर्यादा २,८०० करावी, म्हणजे दर डिसेंबरला मंजुरीचे मेल लिहावे लागणार नाहीत. ते टिपण सध्या फायनान्सच्या साहेबांच्या टेबलावर आहे. मी त्यासोबत समीरने काढलेले ते स्क्रीनशॉट जोडले आहेत.